तिसऱ्या गिअरवरचा हिरालाल

हिरालाल गजभिये टायरमधली हवा कानानं मोजायचे. सकाळी गाडी काढायच्या आधी वेताची छोटी काठी घेऊन चारही टायरवर एक-एक टोला द्यायचे, आवाज ऐकायचे आणि मान हलवायचे. मान खाली-वर झाली की हवा बरोबर. आडवी हलली की पुढच्या पंक्चरच्या दुकानात थांबणं आलं. सत्तावीस वर्षं ही काठी ड्रायव्हरच्या सीटखाली होती. जीप गेली, तिच्या जागी दुसरी जीप आली, मग सात सीटची पांढरी डिझेल गाडी आली. काठी तीच.

तुमसरला चंद्रकुमार पटले यांचा गाड्या भाड्यानं लावायचा धंदा आहे. नऊ गाड्या आहेत. त्यातल्या बऱ्याच चिखल्याच्या मँगनीज खाणीत कंत्राटी काम करणाऱ्या कंपन्यांच्या साहेबांसाठी असतात. मी ऑटोमोबाइलचा डिप्लोमा करून त्यांच्याकडे लागले. कोणत्या गाडीचं ऑइल बदलायचं, कोणाचे ब्रेक घासले, कोणती गाडी लिटरला किती चालते, हे बघायचं माझं काम. हिरालाल मला पहिल्या दिवसापासून "मॅडम" म्हणत, पण तो शब्द असा लांबवत की आजूबाजूचे ड्रायव्हर हसायचे. मी त्यांना काका म्हणायचे. माझं गाव जवळचंच सिहोरा आहे हे कळल्यावर मॅडमची "बाई" झाली.

त्यांची गाडी आधी लिटरला अठराच्या आसपास चालायची. जानेवारीत ती साहेब बदलल्यावर सोळावर आली. मार्चमध्ये पंधरावर, आणि एप्रिलच्या मध्यात तेराच्या थोडी वर. बाकी आठ गाड्या जागच्या जागी होत्या.

ज्या दिवशी हे चंद्रकुमारसेठच्या नजरेला आलं त्या दिवशी मी ऑफिसातच होते. हिरालाल किल्ली टेबलावर ठेवायला आत आले होते.

"हिरालालभाऊ," सेठ म्हणाले, "डिझल कुठं जाऊन राहिलं?"

गाड्यांच्या धंद्यात हा प्रश्न साधा नसतो. टाकीत नळी टाकून दहा-पाच लिटर काढून विकणारे ड्रायव्हर असतात, आणि सगळ्यांना ते माहीत असतं. बाहेर उभे असलेले दोन ड्रायव्हर बोलायचे थांबले.

हिरालाल म्हणाले, "इंजनात जाते, सेठ. आणखी कुठं जाईन?"

"बाकी गाड्यायले इंजन नाही का?"

"त्यायले विचारा."

"हे पाहा, तुमच्यावर मी आजवर शक केला नाही. पण तेरा? तेरा तं माझा जुना ट्रॅक्टर देते." सेठनी किल्ली उचलून खणात टाकली आणि परत काढून टेबलावर ठेवली. "पंधरा दिवस. ॲव्हरेज सोळाच्या वर आलं तं ठीक. नाही तं एक तारखेपासून गाडी दुसऱ्या ड्रायव्हरले, अंकुशले देतो. तुम्ही सिनियर आहा, मले अजून बोलायले लावू नका."

हिरालाल यांनी किल्ली घेतली. दारात वळून एवढंच बोलले, "सत्तावीस वर्षांत टाकीत नळी टाकली नाही, सेठ. हातात कशी घ्यायची माहीत नाही मले."

ते गेल्यावर सेठ मला म्हणाले, "तुमचं पुस्तक काय म्हणते, तृप्तीबाई? गाडी खराब आहे का माणूस?"

मी गाडी दोन दिवस वर्कशॉपमध्ये ठेवली. डिझेलच्या नळ्या कुठं पाझरत नव्हत्या. एअर फिल्टर नवा होता. चाकं वर उचलून हातानं फिरवली, ब्रेक अडकत नव्हते. इंजेक्टर तपासून घेतले. टायरची हवा काका रोज काठीनं बघतात म्हणून ती मोजली नाही. गाडीत काही सापडलं नाही. सेठच्या प्रश्नाला उरलेलं उत्तर मला नको होतं, म्हणून मी म्हटलं, मी एक दिवस गाडीत बसून जाते.

सकाळी साडेसहाला चिखल्याला पोचले. हिरालाल काठीनं टायर ठोकत होते. मान खाली-वर झाली.

"काका, एक मिनिट." मी हवेचा दाब मोजायचा माझा गेज काढला. गाडी रात्रभर उभी होती, टायर गार होते. पुढचा डावा चोवीस. उजवा तेवीस. मागचे दोन्ही चोवीस. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर कंपनीचा कागद चिकटवलेला असतो, त्यावर तेहतीस लिहिलं होतं.

"बरोबरच आहे," हिरालाल म्हणाले. "मी चोवीसच ठेवतो."

"कायले?"

"पहिले साहेब होते त्यायच्या कमरेत गॅप होता. खाणीतला रस्ता तुले माहीत आहे, सारा दगडगोटा. त्यायनं सांगितलं, हिरालाल, गाडी गादीवानी चालली पाहिजे. हवा कमी केली, गादीवानी झाली. चार वर्षं साहेबानं कमरेचं नाव नाही काढलं."

"ते साहेब गेले ना आता."

"हवा ठोकाची सवय नाही गेली."

चार वर्षांत त्यांच्या कानानं चोवीसचाच आवाज बरोबर म्हणून धरला होता. खाणीच्या आत ताशी वीसनं फिरणाऱ्या गाडीला तो चालूनही गेला असता. पण नवे साहेब खाणीत कमी आणि नागपूरला जास्त जात होते.

नवे साहेब म्हणजे वीरेंद्र सिंह. तिशीचे, हसतमुख, कायम फोनवर. सातला बाहेर आले, मागं बसले आणि म्हणाले, "हिरालालजी, एसी फुल." बाहेर अजून गारवा होता. हिरालाल यांनी पंखा चौथ्या नंबरवर नेला.

चिखल्याहून तुमसरपर्यंतचा रस्ता आता चांगला झाला आहे. मी पुढच्या सीटवर होते. दुसऱ्या गिअरमधून तिसरा पडला, गाडी पन्नासवर आली, आणि तिसराच राहिला. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा सव्वीसशेवर होता. पन्नासला चौथा टाकला तर तो अठराशेवर यायला हवा. रस्ता तोच, वेग तोच, पण इंजिन दर मिनिटाला आठशे फेऱ्या उगाच मारत होतं, आणि प्रत्येक फेरीला आतल्या घर्षणाचं भाडं डिझेलमधून जात होतं.

"काका, चौथा टाका ना."

"समोर ब्रेकर आहे."

ब्रेकर आला. त्यांनी गाडी तिसऱ्यातच पंचवीसवर आणली, इंजिन गुरगुरलं, गाडी ओलांडली, पुन्हा तिसऱ्यातच पन्नास. पुढं दोन किलोमीटर सरळ रस्ता होता.

"आता नाही ब्रेकर."

"रस्ता बराबर नाही, बाई."

मी रस्त्याकडं पाहिलं. गुळगुळीत होता. मग मी त्यांच्या पायाकडं पाहिलं. एका ठिकाणी म्हशी आडव्या आल्या आणि गाडी थांबवावीच लागली, तेव्हा हिरालाल यांनी डावा हात मांडीखाली घातला, पाय उचलून क्लचवर ठेवला, आणि दाबताना खालचा ओठ दातात धरला. हे सगळं इतक्या पटकन झालं की मागच्या सीटवरून कोणाला दिसलं नसतं.

मी पायावरची नजर काढून समोर पाहू लागले.

भंडाऱ्याच्या पुढं हायवे लागला. वीरेंद्र साहेब म्हणाले, "साढे नौ की मीटिंग है, जरा खींचिए." मग पाचवा पडला, आणि वेगाचा काटा शंभर-एकशेपाचवर राहिला. हायवेवर गिअर बदलावे लागत नाहीत, म्हणून तिथं हिरालाल सुखात होते. फक्त समोरची हवा ढकलायला लागणारा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो, पंचाहत्तरच्या मानानं शंभरला तो पावणेदोन पटीच्या पुढं जातो. नागपूरला साहेब मीटिंगमध्ये गेले. दुपारी बाराला फोन आला, "आ रहा हूँ, गाडी ठंडी रखिए." हिरालाल यांनी गाडी चालू करून एसी लावला. साहेब पावणेएकला आले. पाऊण तास गाडी जागेवर उभी राहून डिझेल पीत होती आणि किलोमीटर शून्य.

"रोज असंच?"

"साहेब आहेत ते," हिरालाल म्हणाले. "त्यायची चुगली करू का सेठजवळ?"

परत आल्यावर संध्याकाळी मी त्यांना म्हटलं, एक गंमत दाखवते. चिखल्याच्या अलीकडं तलावाच्या पाळीखाली एक सपाट, सरळ रस्ता आहे, फारशी रहदारी नसते. तिथं गाडी तीसच्या वेगानं आणायची, पहिल्या विजेच्या खांबापाशी न्यूट्रल करायची आणि ब्रेक न लावता कुठं थांबते ते बघायचं. गाडी चौथ्या खांबाच्या पुढं पंचवीस पावलांवर थांबली. उलट्या दिशेनंही तेवढीच. मग मी पायपंप काढला. टायर गरम होते, गेज सत्तावीस दाखवत होता. गरम टायर तीन-चार पॉइंट जास्त दाखवतात, म्हणून मी छत्तीसपर्यंत भरली, म्हणजे गार झाल्यावर तेहतीसच्या आसपास येईल. चौथ्या टायरला माझा पाय भरून आला.

"दे इकडं," म्हणून हिरालाल पुढं झाले, आणि पंपावर पाय न ठेवताच थांबले. "राहू दे. तूच मार. तुमचं शिक्षण आहे त्यातलं."

पुन्हा तीस, पुन्हा पहिला खांब. गाडी पाचवा खांब ओलांडून गेली.

हिरालाल उतरून त्या खांबापर्यंत मागं चालत आले. टायर नरम असला की रस्त्याशी तो चेपतो-फुगतो आणि तसं चेपायलाच इंजिनाचा जोर खर्च होतो, हे मी सांगणार होते. त्यांनी हात वर केला.

"समजलं. नरम गादीवर माणूस चालला तं दमते."

माझ्या चार वाक्यांपेक्षा ते बरं होतं.

त्यांचं घर जवळच होतं. कुंताबाईंनी चहा केला. मी विचारलं, "काकू, काकांच्या गुडघ्याला काय झालं?"

कुंताबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. हिरालाल बशीतला चहा फुंकत राहिले.

"दिवाळीपासून सुजते," त्या म्हणाल्या. "रात्री एरंडाची पानं बांधून देतो. दवाखान्यात चला म्हणतो तं म्हणते, डॉक्टर कागद देईन, कागद सेठजवळ जाईन, गाडी जाईन. सांग बाई तूच."

"हिनं कशाला सांगावं? हिले काय समजते?" हिरालाल म्हणाले.

"तुमच्यापेक्षा समजते. तिनं पंप मारला, तुम्ही पाहत होते. खिडकीतून दिसते मले."

कुंताबाई कप उचलून आत गेल्या. मग मी म्हटलं, "काका, सेठ तुम्हाला चोर समजून राहिले."

"समजू दे. चोर म्हटलं तं सिद्ध करा लागते. लंगडा तं दिसते." त्यांनी बशी खाली ठेवली. "चोर ड्रायव्हर ठेवणारे सेठ मी पाहिले. लंगडा ठेवणारा नाही पाहिला."

"पण सोळा आलं नाही तर गाडी जातेच."

"हवा भरली ना तू. येईन."

"नुसत्या हवेनं तीन-चार टक्के. तेराचे साडेतेरा."

हे त्यांना लागलं. काठीनं ठोकलेल्या टायरपेक्षा हा आकडा त्यांना जास्त खरा वाटला असावा. मग म्हणाले, "पायाचं लिहू नको. बाकी काय करायचं ते कर."

मी सेठना सांगितलं, तुम्ही स्वतः गाडीत बसा. तीन दिवस, रोज सकाळी आठला, तुमसरच्या त्याच पंपावर त्याच नोझलनं टाकी भरायची, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबायचं, जवाहरनगरच्या फाट्यापर्यंत जाऊन परत यायचं, आणि पुन्हा तसंच भरायचं. अठ्ठ्याऐंशी किलोमीटर. गाडी हिरालाल चालवतील.

"तीन दिवस? मले काही कामधंदा नाही का?"

"तुम्ही बसले तर नळीचा प्रश्नच उरत नाही, सेठ."

ते बसले. पहिल्या दिवशी मी हवा मुद्दाम चोवीसवर आणली होती. एसी फुल, हायवेला शंभरच्या वर, गावांच्या रस्त्याला तिसरा. सेठ मागं बसून फोनवर बोलत होते, मोहाडी गेल्यावर म्हणाले, "हिरालालभाऊ, इंजन काहून रडून राहिलं?" हिरालाल म्हणाले, "रोजच रडते." परत येऊन भरलं तेव्हा सहा पूर्णांक चार लिटर बसलं. पावणेचौदा.

सेठ पंपाच्या आकड्याकडं बघत राहिले. ते स्वतः गाडीत होते, त्यांच्या समोरून एक थेंब कुठं गेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी गार टायरमध्ये तेहतीस हवा. गाडी निघताना पाच मिनिटं काचा उघड्या ठेवून आतली उष्णता बाहेर काढली, मग काचा बंद करून एसी, पंखा दुसऱ्या नंबरवर आणि आतलीच हवा फिरवायचं बटण दाबलेलं. बाकी सगळं कालच्यासारखं. पाच पूर्णांक आठ लिटर. लिटरला पंधराच्या थोडं वर.

"एसी बंदच ठेवला तं?" सेठनी विचारलं.

"गावातून कमी वेगात चाललं तर काचा उघड्या चालतील. हायवेला काचा उघडल्या की हवा आत शिरून गाडीला मागं ओढते, तिथं एसी बरा."

तिसऱ्या दिवशी गिअर आणि वेग. मी हिरालाल यांच्याकडं न बघता सांगितलं, चाळीसच्या वर चौथा, साठच्या वर पाचवा, हायवेला पंचाहत्तर. सेठ म्हणाले, "मंग सरळ पाचव्यातच टाकून ठेवा ना." मी म्हटलं, कमी वेगात पाचवा टाकला तर इंजिन ओढत नाही, धडधडतं, आणि ड्रायव्हर जास्त ॲक्सिलरेटर दाबतो. जेवढा वेग तेवढा गिअर.

म्हणजे प्रत्येक ब्रेकरला, प्रत्येक गावाला, प्रत्येक ट्रॅक्टरमागं क्लच. मी मोजत होते. मोहाडीपर्यंत एकतीस वेळा. हिरालाल गाडी सुरेख चालवत होते. गिअर पडल्याचं कळत नव्हतं, झटका नव्हता, चौथ्यावरून पाचवा असा जायचा की फक्त इंजिनाचा आवाज खाली बसायचा. त्यांचा हात मांडीखाली जात होता. वरठीच्या पुढं तो तिथून निघालाच नाही. कपाळावरून घाम गळत होता आणि एसी चालू होता.

परत येताना मी म्हटलं, "काका, थांबायचं का?"

"थांबलं तं तुझा हिशेब बिघडते," ते म्हणाले.

पंपावर चार पूर्णांक सात लिटर बसलं. अठरा पूर्णांक सात.

सेठनी आकडा दोनदा वाचला. मग खिडकीशी जाऊन म्हणाले, "उतरा हिरालालभाऊ, चहा घेऊ. माझं चुकलं. चार माणसांत बोललो, चार माणसांत माफी मागतो."

हिरालाल उतरले नाहीत. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत राहिले. सेठना वाटलं ते रागावले आहेत. "आता रुसता का, बुढा माणूस?"

त्या दिवशी ऑफिसबाहेर उभे असलेले ते दोन ड्रायव्हर पंपावर होते, अंकुशही होता. मी तेव्हा सहज काही सांगू शकले असते, बसा काका, चहा इथंच आणते. तोंडापर्यंत आलंही होतं.

"रुसलो नाही," हिरालाल म्हणाले. "पाय उतरत नाही, सेठ. दिवाळीपासून गुडघा कामातून गेला. म्हणून तिसऱ्यावर चालवत होतो. क्लच कमी दाबा लागते. डिझल तिथं गेलं." आणि माझ्याकडं मान वळवून, "ही पोरगी तुमाले सांगत नव्हती. मीच मना केली होती."

अंकुश पुढं आला, दार उघडलं, आणि त्यांचा हात आपल्या खांद्यावर घेतला. सेठ वाकून त्या गुडघ्याकडं पाहू लागले. मग म्हणाले, "आज एवढे गिअर कायले बदलले मंग?"

"आज बदलले नसते तं चोरच राहिलो असतो."

एक तारखेला गाडी अंकुशला गेली, पण गुडघ्यामुळं, ॲव्हरेजमुळं नाही. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी गुडघ्याचा फोटो काढून घेतला, दोन महिने गाडी बंद म्हणून सांगितलं, पुढचं तेव्हा पाहू म्हणाले. वीरेंद्र साहेबांना एसीचं मीच सांगितलं. ते म्हणाले, मला कोणी आधी बोललंच नाही. आता ते निघायच्या पाच मिनिटं आधी फोन करतात. अंकुशचं ॲव्हरेज सतरा येतं. हायवेला त्याचा पाय अजून जड आहे.

हिरालाल रोज सकाळी तुमसरला येतात, पहिल्या बसनं, गाड्या निघायच्या आधी. सेठनी सांगितलं म्हणून की स्वतःहून, ते मला नक्की माहीत नाही. टायर गार असतानाच हवा बघायची हे त्यांनी स्वतःच सगळ्यांना बजावलं आहे. खुर्ची घेऊन एकेका गाडीपाशी बसतात, डावा पाय लांब सोडतात. आधी काठीनं टोला, मग तोंडानं आकडा, मग गेज.

काल अंकुशच्या गाडीचा मागचा टायर ठोकून ते म्हणाले, "तेहतीस."

गेज एकोणतीस दाखवत होता.

ते काही वेळ गेजकडं बघत राहिले. काठी मांडीवर आडवी ठेवली आणि मला म्हणाले, "पंप आण, बाई. कान अजून चार पॉइंट मागं आहे."